पहिल्या तीन सेकंदांची टेस्ट: दोन जाहिरातींच्या तुलनेच्या नोंदी

१९ मे, सोमवार

भाषा शिकवणाऱ्या ॲपची जाहिरात आहे आणि मोफत ट्रायलसाठी नोंदणी मिळवायची आहे. एडिटरने दोन व्हिडिओ दिले. दोन्ही पंधरा सेकंदांचे आहेत, आवाज एकच, मजकूर एकच, शेवटची फ्रेम आणि बटणही तेच. फरक फक्त पहिल्या तीन सेकंदांत आहे. ‘अ’मध्ये सुरुवातीलाच एक विद्यार्थिनी कॅमेऱ्याकडे बघून नव्या भाषेत अडखळत बोलते. ‘ब’मध्ये ॲपची स्क्रीन दिसते आणि बोट एका शब्दावर टेकतं. चौथ्या सेकंदापासून दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आहेत.

ही मागणी मीच केली होती. आधीच्या प्रस्तावात एक स्थिर चित्र आणि एक व्हिडिओ होता, दोन्हींचे मथळे वेगळे आणि बटणावरचे शब्दही वेगळे. अशा टेस्टमधून एक जाहिरात जिंकते, पण ती कशामुळे जिंकली हे कळत नाही आणि पुढचा व्हिडिओ बनवताना त्या निकालाचा काही उपयोग होत नाही. इथे एकच गोष्ट बदलली आहे, त्यामुळे जो काही निकाल येईल तो सुरुवातीच्या शॉटबद्दलच असेल.

कशावरून ठरवायचं, हेही आजच लिहून ठेवलं: सारख्याच खर्चात कोणत्या व्हिडिओने जास्त नोंदण्या आणल्या. क्लिक मोजायचे नाहीत. क्लिक लवकर जमतात म्हणून मोह होतो, पण चेहरा बघून कुतूहलाने टॅप करणारा माणूस आणि ट्रायल सुरू करणारा माणूस यांच्यात बरंच अंतर असतं. नोंदणी आमच्याच डेटाबेसमधून मोजायची, लिंकमधल्या `utm_content=a` किंवा `utm_content=b` या टॅगवरून. एका माणसाची एकच नोंदणी, आणि तीही पहिलीच.

२० मे, मंगळवार

आज वाटणीचा प्रश्न घेतला. सहकारी कॅम्पेन सांभाळते, तिची सवय दोन्ही व्हिडिओ एकाच ॲड सेटमध्ये टाकायची. रोजच्या कामासाठी ते ठीकच आहे, कारण प्लॅटफॉर्म स्वतःच जास्त चालणाऱ्या जाहिरातीकडे पैसे वळवतो. पण तुलना करायची असेल तर नेमकं हेच आड येतं. पहिल्या काही तासांत एखादीला योगायोगाने चार नोंदण्या जास्त मिळाल्या, की बजेट तिच्याकडे सरकतं. दुसरीला नंतर उरलेसुरले पैसे आणि उरलेसुरले लोक मिळतात. आठवडाभराने एकीवर खर्चाचा मोठा वाटा झालेला दिसतो, आणि तो आकडा पाहून ‘हीच चांगली’ असं म्हणावं तर ते प्लॅटफॉर्मने घाईने बांधलेल्या अंदाजाचीच री ओढणं झालं.

मेटाच्या ॲड्स मॅनेजरमध्ये ए/बी टेस्ट ही वेगळी सोय आहे. ती लोकांना एकमेकांत न मिसळणाऱ्या गटांमध्ये यादृच्छिकपणे वाटते. ‘अ’च्या गटातल्या माणसाला या टेस्टमधून ‘ब’ दिसत नाही. आम्हाला हेच हवं होतं. अर्धे लोक इकडे, अर्धे तिकडे, रोजचं बजेट दोन्हीकडे सारखं, सुरुवात एकाच वेळी.

त्याशिवाय तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, त्याच ऑडियन्सवर चालू असलेलं जुनं कॅम्पेन टेस्ट संपेपर्यंत बंद. दुसरी, दोन्ही व्हिडिओ नव्याने अपलोड करायचे. ‘अ’चा एक जुना अवतार आधी चालला आहे आणि त्याखाली भरपूर लाइक आणि कमेंट जमलेल्या आहेत. तीच पोस्ट वापरली तर ‘अ’ला लोकांच्या पसंतीचा आयता आधार मिळेल आणि ‘ब’ कोरी असेल. तिसरी, एकदा सुरू झालं की बजेट, कॅप्शन, ऑडियन्स कशालाही हात लावायचा नाही. मोठा बदल केला की प्लॅटफॉर्मची शिकण्याची अवस्था पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि ती एकाच बाजूला झाली तर तुलना तिथेच संपते.

२१ मे, बुधवार

किती नोंदण्या पुरेशा? आजचा पूर्ण दिवस यावर गेला, आणि तो जायलाच हवा होता.

लोक समसमान वाटले, पैसे सारखे, वेळ एकच, मोजण्याची पद्धत एकच. अशा स्थितीत दोन्ही व्हिडिओ सारख्याच ताकदीचे असतील, तर येणारी प्रत्येक नोंदणी म्हणजे एक नाणेफेक असते. ती ‘अ’कडून येण्याची शक्यता जितकी, तितकीच ‘ब’कडून येण्याची. एवढं पटलं की बाकीचं गणित वहीच्या एका पानात बसतं. किती लोकांनी जाहिरात पाहिली, नोंदणीचं प्रमाण किती, याची गरजच उरत नाही. फक्त दोन्हीकडच्या नोंदण्या मोजायच्या आणि त्यांच्यातला फरक बघायचा.

खरं नाणं उडवलं तरी फरक शून्यावर राहत नाही. एकूण फेकींच्या वर्गमुळाएवढा फरक निव्वळ योगायोगाने पडणं अगदी सामान्य आहे. १०० फेकींनंतर १०, ४०० फेकींनंतर २०, १,०२४ फेकींनंतर ३२. या पसरटपणाला मी वहीत ‘योगायोगाचं माप’ म्हटलं आहे.

आता समजा ‘ब’ खरोखरच २० टक्के जास्त नोंदण्या आणतो. मग ‘अ’च्या १०० मागे ‘ब’च्या १२०, म्हणजे दर २२० नोंदण्यांमागे २० ची आघाडी. सरासरीने दर ११ नोंदण्यांमागे १. ही आघाडी सरळ रेषेत वाढत जाते आणि योगायोगाचं माप वर्गमुळाच्या गतीने, म्हणजे सावकाश वाढतं. १२१ नोंदण्यांवर आघाडी ११ आणि योगायोगही ११, तिथे काहीच वेगळं ओळखता येत नाही. ४८४ वर आघाडी ४४ आणि योगायोग २२. इथे पुष्कळजण थांबतात, कारण ‘योगायोगाच्या दुप्पट फरक’ हा नेहमीचा निकष आहे. पण ४४ ही सरासरी अपेक्षा झाली. प्रत्यक्ष आकडा तिच्या खाली येण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे ‘ब’ खरोखर २० टक्के चांगला असूनही निम्म्या वेळा आपण त्याला ओळखू शकणार नाही. १,०२४ वर मात्र आघाडी ९३ च्या आसपास आणि योगायोग ३२, म्हणजे जवळपास २.९ पट. इथे खरा विजेता हातातून निसटायची भीती बरीच कमी होते.

२० टक्के हा आकडा गणितातून आला नाही, तो आम्ही बसून ठरवला. त्याहून कमी फरकासाठी पुढचे सगळे व्हिडिओ नव्या पद्धतीने शूट करणं परवडणार नाही, असं विभागप्रमुखांचं मत पडलं आणि ते मला पटलं. कुठला फरक आपल्या कामाचा, हे आधी सांगितल्याशिवाय किती डेटा लागेल या प्रश्नाला उत्तरच नसतं.

२२ मे, गुरुवार

सहकारीने रास्त प्रश्न विचारला. “१,०२४ व्हायला दोन-अडीच आठवडे लागतील. मध्येच एखादा व्हिडिओ धो धो चालला तरी आपण नुसतं बघत बसायचं का? आणि मी डॅशबोर्ड उघडणारच नाही, असं तुम्हाला खरंच वाटतं?”

बघण्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते रोज बघून, ज्या दिवशी फरक योगायोगाच्या दुप्पट दिसेल त्या दिवशी निकाल लावण्याने. दुप्पट फरकाचा निकष एकदाच बघण्यासाठी आहे. एकदा बघितलं तर सारख्या जाहिरातींमध्ये खोटा विजेता सापडण्याची शक्यता ५ टक्के. पण प्रत्येक वेळी बघणं म्हणजे योगायोगाला आणखी एक संधी देणं. वैद्यकीय चाचण्यांच्या संदर्भात आर्मिटेज आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्येच याचे आकडे काढले होते: पाच वेळा बघितलं तर चूक सुमारे १४ टक्क्यांवर जाते, दहा वेळा बघितलं तर १९ टक्क्यांवर.

तोंडी सांगण्यापेक्षा करून दाखवलं. पूर्णपणे सारख्या दोन जाहिरातींच्या दहा हजार खोट्या टेस्ट:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
toss = rng.choice([-1, 1], size=(10000, 1024))
d = np.abs(toss.cumsum(axis=1))
n = np.arange(1, 1025)

look = slice(63, None, 64)
early = d[:, look] > 1.96 * np.sqrt(n[look])
print(early.any(axis=1).mean())

print((d >= 72).any(axis=1).mean())
```

पहिली ओळ दर ६४ नोंदण्यांनी बघते आणि दुप्पट फरक दिसला की थांबते. उत्तर ०.२३ च्या जवळपास येतं. म्हणजे काहीही फरक नसताना जवळजवळ चारातल्या एका टेस्टमध्ये विजेता जाहीर होतो. तिने आकडा पाहिला आणि मागच्या वर्षीच्या निकालांची फाइल उघडून बसली. तिथे काय सापडेल ते सापडो, पण पुढच्या टेस्टसाठी आता वाद उरला नाही.

दुसरी ओळ आमच्या नव्या नियमाची आहे. हा नियम इव्हान मिलर यांनी २०१५ मध्ये सोप्या रूपात मांडला. एकूण नोंदण्यांचा कमाल आकडा आधी ठरवायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला २.२५ ने गुणायचं. आमच्यासाठी वर्गमूळ ३२, म्हणून रेषा ७२. कुठल्याही क्षणी, अगदी प्रत्येक नोंदणीनंतर बघितलं तरी चालेल. फरक ७२ ला टेकला की पुढे असलेला व्हिडिओ जिंकला. एकूण १,०२४ झाल्या आणि रेषा गाठली गेली नाही, तर विजेता नाही. मुख्य म्हणजे रेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ७२ वरच राहते, म्हणून सुरुवातीच्या घाईगर्दीत ती ओलांडणं फार अवघड असतं. सिम्युलेशनमध्ये खोट्या विजेत्यांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या जरासं खालीच येतं, आणि खरा २० टक्क्यांचा फरक सुमारे ८० टक्के वेळा सापडतो. उरलेले २० टक्के आम्ही जाणूनबुजून स्वीकारले. ते कमी करायचे तर टेस्ट आणखी लांबवावी लागेल.

एक जोड-अट लिहिली: रेषा लवकर गाठली तरी दोन पूर्ण आठवडे चालवायचं. शनिवार-रविवारी मोबाइल हातात घेणारा माणूस आणि मंगळवारी दुपारी घेणारा माणूस यांच्या सवयी वेगळ्या असतात. फक्त तीन कामाच्या दिवसांवर ठरलेला विजेता त्या तीन दिवसांपुरताच असू शकतो.

बरोबरी झाली तर काय, हेही आत्ताच ठरवलं. ‘अ’ ठेवायचा. ॲपची स्क्रीन बदलली की ‘ब’ प्रत्येक वेळी नव्याने शूट करावा लागेल, चेहऱ्याच्या शॉटला ती अडचण नाही.

२४ मे, शनिवार

आजपासून आठवडाभर दोन्ही गटांना एकच व्हिडिओ, ‘अ’च. उत्तर माहीत असलेली टेस्ट आधी चालवून बघायची. यंत्रणेत कुठे गळती असेल तर ती इथेच दिसावी.

३१ मे, शनिवार

सारख्या व्हिडिओंच्या टेस्टमध्ये एकूण ३९८ नोंदण्या आल्या, एकीकडे २०६ आणि दुसरीकडे १९२. फरक १४, योगायोगाचं माप २०. खर्चातला फरक एक टक्क्याच्या आत. टॅग नसलेल्या नोंदण्या दोन्हीकडे कुठेच साचलेल्या दिसल्या नाहीत. वाटणी आणि मोजणी दोन्हींवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

हे आकडे भिंतीवर लावले. एकाच व्हिडिओने स्वतःलाच १४ नोंदण्यांनी हरवलं, हे डोळ्यांसमोर असलेलं बरं.

प्रिव्ह्यू तपासताना एक गोष्ट सापडली. उभ्या प्लेसमेंटमध्ये प्लॅटफॉर्मची स्वतःची बटणं आणि कॅप्शन तळाशी येतात, आणि ‘ब’मधला ज्या शब्दावर बोट टेकतं तो शब्द अर्धा झाकला जात होता. ‘अ’मध्ये चेहरा वरच्या भागात असल्याने तिथे काही अडचण नव्हती. एडिटरने ‘ब’ची स्क्रीन वर सरकवली. दोन्ही फाइली एकाच सेटिंगवर पुन्हा एक्स्पोर्ट केल्या आणि एकदमच मंजुरीला पाठवल्या. दोन्ही मंजूर झाल्याशिवाय सुरुवात करायची नाही. एक आधी सुरू झाली तर पहिला दिवस तिचा एकटीचा होतो.

२ जून, सोमवार

सुरू झालं.

५ जून, गुरुवार

तीन पूर्ण दिवस. ‘अ’ ९९, ‘ब’ ७२. एकूण १७१, फरक २७, योगायोगाचं माप १३. दुपटीहून थोडं जास्तच. नेहमीच्या कॅल्क्युलेटरमध्ये हे आकडे टाकले तर ‘अ’ जिंकला असं हिरव्या अक्षरांत येतं.

विभागप्रमुखांचा फोन आला. “अहो, एक तृतीयांशाने पुढे आहे. ‘ब’वर अजून पैसे कशाला घालवायचे?” मी त्यांना रेषा सांगितली. ७२ हवेत, २७ झालेत. शिवाय तीन दिवसांच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट मिसळलेली असते. चेहरा बघून माणूस लगेच नोंदणी करत असेल आणि स्क्रीन बघणारा दोन दिवस विचार करून करत असेल, तर आज ‘अ’चा वेग दिसतोय, ताकद नव्हे. उशिरा येणाऱ्यांना यायला वेळ द्यायलाच हवा. त्यांनी मानलं. नियम आधी लिहिलेला होता आणि त्यावर त्यांचीही सही होती, म्हणून बोलणं दोन मिनिटांत संपलं.

९ जून, सोमवार

पहिला आठवडा पूर्ण. ‘अ’ २१५, ‘ब’ २०३. ‘अ’ची आघाडी २७ वरून १२ वर आली. योगायोगाचं माप २०.

१२ जून, गुरुवार

काल रात्री लँडिंग पेज जवळपास अडीच तास बंद होतं. नोंदण्या बुडाल्या, पण दोन्हीकडच्या बुडाल्या. आधी ‘अ’ चालवून मग ‘ब’ चालवला असता, तर हा अडीच तासांचा खड्डा एकाच्याच खात्यात गेला असता आणि तो कसा भरून काढायचा याला काही उत्तर नव्हतं. एकाच वेळी चालवण्याचं मोल अशा दिवशी कळतं. टेस्ट चालू ठेवली, नोंदवहीत वेळ लिहिली, बाकी काही केलं नाही.

१६ जून, सोमवार

दोन आठवडे झाले. ‘अ’ ४१५, ‘ब’ ४२७. ‘ब’ १२ ने पुढे गेला आहे. योगायोगाचं माप २९, म्हणजे या १२ मध्ये सांगण्यासारखं काही नाही.

आज प्लॅटफॉर्मचे बाकीचे आकडे नीट बघितले आणि या टेस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथेच दिसली. खर्च दोन्हीकडे सारखा आहे. पण ‘अ’ ८०,३०० लोकांपर्यंत पोचला आणि ‘ब’ ८८,१०० लोकांपर्यंत. फरक ७,८०० चा. एवढ्या एकूण संख्येला योगायोगाचं माप जेमतेम ४१० आहे. हा फरक योगायोगाने पडूच शकत नाही.

वाटणी बिघडली का? सहकारीला पहिली शंका तीच आली. पण आपण वाटतो ते जाहिरात दाखवण्यासाठी पात्र असलेले लोक. त्यातल्या कोणाला ती प्रत्यक्ष दाखवायची, हे त्यानंतर प्लॅटफॉर्म ठरवतो, आणि ते तो प्रत्येक जाहिरातीसाठी वेगळं ठरवतो. प्लेसमेंटनुसार आकडे फोडले तेव्हा उलगडा झाला. ‘ब’ उभ्या छोट्या व्हिडिओंच्या जागी जास्त दाखवला गेला होता, तिथे त्याच पैशात जास्त लोक मिळतात. ‘अ’ फीडमध्ये जास्त गेला.

आता हेच आकडे दोन तऱ्हांनी वाचता येतात. पाहणाऱ्या दर हजारामागे ‘अ’ने ५.१७ नोंदण्या आणल्या आणि ‘ब’ने ४.८५, म्हणजे ‘अ’ पुढे. सारख्या खर्चामागे मात्र ‘ब’ पुढे. कोणी आज येऊन आपल्या आवडीचा भागाकार निवडला, तर त्याला आवडता विजेता मिळेल.

म्हणूनच १९ मेची नोंद कामाला आली. आम्ही खर्च हाच आधार ठरवला होता, आणि या रचनेत न्याय्य तुलना तीच आहे. पैसे आम्ही सारखे ठेवले, पोचलेल्या माणसांचं मिश्रण मात्र आमच्या हातात नव्हतं. ‘अ’चे हजार आणि ‘ब’चे हजार ही एकसारखी माणसं नाहीतच. त्यामुळे ‘लोकांना चेहरा जास्त आवडतो की स्क्रीन’ या प्रश्नाचं उत्तर ही टेस्ट देऊ शकत नाही. तिला विचारायचा प्रश्न एवढाच: या प्लॅटफॉर्मवर, त्याच्या वाटपाच्या पद्धतीसह, इतक्याच पैशात कोणता व्हिडिओ जास्त नोंदण्या आणतो? अहवालात हे वाक्य जसंच्या तसं जाणार आहे. ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर चेहरा ठेवायचा का, असा प्रश्न प्रॉडक्टवाल्यांकडून आलाच आहे. त्यांना हा निकाल लागू करू नका असं कळवलं. त्यांच्याकडे वाटप करणारं यंत्र मध्ये नसतं, त्यांनी आपल्या पातळीवर टेस्ट करावी.

१९ जून, गुरुवार

१,०२४ वी नोंदणी पहाटे आली. ‘अ’ ५००, ‘ब’ ५२४. फरक २४. रेषा ७२. संपूर्ण काळात फरक एकदाही ३० च्या वर गेला नाही. जाहिराती बंद केल्या. नियमाप्रमाणे विजेता नाही.

दुपारच्या बैठकीत सूर निराशेचा होता. “म्हणजे काहीच कळलं नाही,” असं दोघांनी म्हटलं. मला ते मान्य नाही. २४ च्या आघाडीवरून ‘ब’ची खरी ताकद कुठे असू शकते याची पट्टी काढता येते. नोंदण्यांच्या दोन संख्यांचं गुणोत्तर १.०४८ आहे. त्याभोवती ९५ टक्के विश्वासाची अंदाजे पट्टी काढली, तर ‘ब’ हा ‘अ’पेक्षा ७ टक्के कमी ते १८ टक्के जास्त यांच्या मध्ये कुठेतरी येतो. ज्या २० टक्क्यांसाठी आम्ही शूटिंगची पद्धत बदलणार होतो, ते या पट्टीच्या बाहेर आहेत. निर्णय घ्यायला एवढं पुरेसं आहे. दोनशे नोंदण्यांवर थांबून ‘विजेता नाही’ म्हटलं असतं तर पट्टी इतकी रुंद राहिली असती, की त्यात ४० टक्क्यांचा फरकही लपला असता. तेव्हा ‘माहीत नाही’ असं म्हणावं लागलं असतं. आज आम्ही म्हणतो, ‘आमच्या कामाचा फरक इथे नाही.’ या दोन वाक्यांमधलं अंतर म्हणजेच हे जवळपास आठशे जास्तीचे आकडे.

२० जून, शुक्रवार

सहकारीने वय आणि लिंगानुसार आकडे फोडून आणले. ३५ ते ४४ वयाच्या महिलांमध्ये ‘अ’ ३८ आणि ‘ब’ ६१. फरक २३, योगायोगाचं माप १०. “या गटाला तरी ‘ब’ दाखवूया ना!”

वयाचे सहा गट, प्रत्येकाचे दोन भाग, म्हणजे बारा तुकडे. कुठेच खरा फरक नसला तरी बारापैकी निदान एका तुकड्यात असा ‘विजय’ दिसण्याची शक्यता ४६ टक्के असते. आणि हा गट आकडे बघून निवडलेला आहे, आधी लिहिलेला नाही. तिची नजर चांगली आहे आणि मुद्दा टाकून देण्यासारखा नाही. तो पुढच्या टेस्टच्या यादीत एक प्रश्न म्हणून गेला. त्या गटापुरती वेगळी टेस्ट, नव्या नोंदण्या, आधी ठरवलेली रेषा. हेच ६१ आणि ३८ त्यात पुन्हा मोजायचे नाहीत.

२६ जून, गुरुवार

बंद केल्यानंतरचा आठवडा उशिरा येणाऱ्यांसाठी ठेवला होता. ‘अ’च्या १८ आल्या, ‘ब’च्या २०. स्क्रीन बघणारे जास्त वेळ घेतात ही शंका निदान या आकड्यांत दिसत नाही. ‘अ’ कायम.

२७ जून, शुक्रवार

पुढच्या टेस्टचं ठरवायला बसलो. एक सूचना अशी आली की याच दोघांना आणखी चालवून १० टक्क्यांचा फरक शोधावा. वहीतलं गणित पुन्हा मांडलं. १० टक्के म्हणजे दर २१ नोंदण्यांमागे १ ची आघाडी. ती योगायोगाच्या २.९ पट व्हायला सुमारे ३,७०० नोंदण्या लागतील. फरक निम्मा केला की डेटा साडेतीन पटीहून जास्त लागतो. आमच्या गतीने दोन महिने, आणि तोवर लोक दोन्ही व्हिडिओ बघून कंटाळलेले असतील. शिवाय आजवरच्या १,०२४ नोंदण्या त्यात धरता येणार नाहीत. निकाल पाहून मर्यादा वाढवणं म्हणजे रेषाच हलवणं.

सुरुवातीचा शॉट बदलून मोठा फरक पडत नाही, एवढं आता कळलं आहे. म्हणून पुढच्या वेळी वचनच बदलायचं. ‘अ’ आत्ता ‘रोज थोडा वेळ द्या’ असं सांगतो. नव्या ‘क’मध्ये पहिल्या आठवड्यात एक पूर्ण संभाषण करून दाखवण्याचं वचन असेल. इथे ३० टक्क्यांच्या खालचा फरक आम्हाला नको आहे, कारण ‘क’चं वचन निभवायला धड्यांचा क्रमही बदलावा लागेल.

३० टक्क्यांसाठी दर पावणेआठ नोंदण्यांमागे १ ची आघाडी. हिशेबाने पाचशेच्या जवळ येतं, वर्गमूळ सोपं राहावं म्हणून ५२९ धरले. वर्गमूळ २३, रेषा ५२. सध्याच्या बजेटमध्ये ५२९ नोंदण्या दोन आठवड्यांच्या आतच होतील, म्हणून रोजचं बजेट निम्म्यावर आणलं. आधार पुन्हा सारख्या खर्चातल्या नोंदण्या. बरोबरी झाली तर ‘अ’ राहील. ‘अ’ पुन्हा नव्याने अपलोड करायचा, या टेस्टमधली पोस्ट वापरायची नाही. विभागप्रमुखांची सही सोमवारी घ्यायची, त्यानंतरच एडिटरकडे काम जाईल.